कुंभार्ली घाटातलं पहिलं खरं वाक्य

नव्या जोडप्याच्या एका कथेबद्दल एका वाचकाचा आक्षेप: ‘लग्नाला तीन आठवडे झाले तरी घरात मोकळं बोलले नाहीत, मग गाडीतच कसे बोलले? पटलं नाही.’

मला कथेतला तोच भाग सगळ्यात खरा वाटला. बघण्याच्या कार्यक्रमात ‘जा, बोलून घ्या’ म्हणून दोघांना गच्चीवर पाठवतात, तेव्हा खाली सगळे चेहरे वाचायला बसलेले असतात. तिथे माणूस होकाराला धक्का लागणार नाही एवढंच बोलतो. लग्नानंतर घर पाहुण्यांनी भरलेलं. गाडीत मात्र दोघांची नजर रस्त्यावर असते, बोलून झाल्यावर समोरच्याचा चेहरा बघावा लागत नाही, आणि गप्प राहिलं तरी ते रुसणं ठरत नाही.

माझ्या लग्नानंतरही असंच झालं. आम्ही दोघं पुण्याहून चिपळूणला निघालो होतो. उंब्रजला महामार्ग सोडून पाटणपर्यंत आलो तरी आमचं बोलणं ‘पाणी हवं का?’ एवढंच. मला गाडी लागते हे मी माहेरच्यांच्या सांगण्यावरून लपवलं होतं. कोयनानगरनंतर राहवेना. कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधी मी म्हणाले, “अहो, थांबवा. मला गाडी लागते, आधी सांगायला हवं होतं.” त्यांनी गाडी कडेला घेतली, बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले आणि म्हणाले, “मलाही अंधारात घाट उतरायची भीती वाटते. कुणाला सांगितलं नाही.”

लेखिकेने नायिकेला प्रेमाची कबुली न देता ‘मला तुमच्या घरी झोप लागत नाही’ एवढंच बोलायला लावलं, ते म्हणूनच अचूक आहे. फक्त शेवटच्या परिच्छेदातलं हातात हात घेणं नको होतं. घाटात दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात.