श्वासावर टपलेली कात्री

ट्युटोरियलमधली शांतता आपोआप कापणाऱ्या सोयीला एवढंच कळतं, की आवाज ठरलेल्या पातळीच्या वर आहे की खाली. बोलणारा दम खातोय, विचार करतोय की समोरच्याला बघायला वेळ देतोय, याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही.

पहिला बळी श्वासाचा. वाक्याआधीचा श्वास साधारण 0.4 सेकंदाचा असतो. शब्दाआधी राखायची जागा 0.15 ठेवलीत, तर श्वासाचा पहिला भाग जातो आणि शेपूट उरतं. मग प्रत्येक वाक्याआधी कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखी उचकी ऐकू येते. श्वास ठेवायचा तर अख्खा ठेवावा, अर्ध्या श्वासाइतकं विनोदी काही नाही.

दुसरी खोड मराठीच्या मुळावर येणारी. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि आवाजही तिथेच बसतो. ‘आहे’मधला ‘हे’ हमखास खाल्ला जातो. त्याहून वाईट म्हणजे, ‘हे बटण दाबायचं’ म्हणून जरा थांबून हळूच ‘नाही’ म्हटलंत, की कात्री नकार गिळते आणि बघणारा आज्ञाधारकपणे बटण दाबतो.

म्हणून मी पातळी अंदाजाने ठेवत नाही. आधी खोलीची नुसती गुणगुण मोजावी. समजा तिचं टोक -55 डेसिबलला आहे, तर श्वास आणि शब्दांची शेपटं बहुधा -45 ते -40 च्या आसपास सापडतात. मग पातळी -48. कापण्याआधी फक्त शांत जागांची यादी मागावी:

```
ffmpeg -i dhada.mp4 -af silencedetect=noise=-48dB:d=0.8 -f null -
```

हे काहीच कापत नाही, `silence_start` आणि `silence_end` एवढं दाखवतं. 0.8 सेकंदाहून छोट्या जागांना हात लागत नाही. शब्दानंतर मी 0.3 सेकंद राखतो, शब्दाआधी 0.4. नॉइज रिडक्शन केलंत तर मोजणी पुन्हा करावी लागते, कारण गुणगुणीबरोबर श्वासही खाली बसलेला असतो.

आता खरी पंचाईत. ‘मेनू उघडा’ म्हणालात, 2.4 सेकंद कर्सर खाली सरकला, मग ‘इथे क्लिक करा’. कानाला ती शांतता, डोळ्याला तोच धडा! कापल्यावर उरतात 0.7 सेकंद, आणि कर्सर मधला सगळा रस्ता गाळून थेट मुक्कामी प्रकट होतो. कुठलीही पातळी यावर इलाज नाही, कारण आवाज खरोखरच नव्हता. यादी घेऊन बसायचं, 1.5 सेकंदांवरची प्रत्येक नोंद स्क्रीनकडे बघत तपासायची. चित्र हलत असेल तर ठेवा. प्रोग्रेस बार रांगत असेल तर खुशाल कापा, त्याच्या प्रगतीत कुणालाच रस नसतो.

आणि कापलेला व्हिडिओ थेट रेंडर करू नका. कट टाइमलाइनवर उतरवून घ्या, म्हणजे गिळलेला ‘नाही’ क्लिपचं टोक ओढून परत बाहेर काढता येतो.