तारखा झाकल्या आणि प्रगती आटली

सत्राच्या शेवटी मी दरवेळी एक काम हौसेनं करायचे. पहिल्या आठवड्यातला निबंध आणि पंधराव्या आठवड्यातला निबंध शेजारी ठेवून बघायचं, मूल किती पुढे गेलं. निकष दोन्हीकडे तेच: मुद्दा, आधार, मांडणी, भाषा. प्रत्येकी ४ गुण. एका मुलीचे १६ पैकी ७ होते, ते १२ झाले. मी खूश.

यंदा दोन्ही गठ्ठे एकत्र केले, नावं आणि तारखा कागदाच्या पट्टीनं झाकल्या, पिसले आणि सगळे पुन्हा तपासले. तिच्या पहिल्या निबंधाला ९ पडले, शेवटच्याला ११. पाचाची झेप दोनावर आली! निकष छापलेले तेच होते, बदलला होता माझा हात. सुरुवातीला तो आखडता असतो, आणि शेवटी "आता सुधारली असणारच" असं मनाशी धरूनच पेन उचललेलं असतं.

पण त्या दोन गुणांच्या आत शिरले तेव्हा खरी गंमत कळली. आधार १ वरून ३. मुद्दा २ वरून ३. मांडणी होती तिथेच. आणि भाषा ३ वरून २, म्हणजे चक्क घसरली!

पहिल्या निबंधात तिनं लिहिलं होतं, "मोबाइल वाईट आहे. मुले अभ्यास करत नाहीत." अशा वाक्यांत चुकायला जागाच कुठे असते? शेवटचा निबंध परीक्षांवर होता. त्यात लिहिलं होतं, "परीक्षा नको हे खरं असलं, तरी ज्या मुलांना घरी शिकवणारं कोणी नाही त्याचा अभ्यास किती झाला हे कसं कळणार?" 'त्यांचा' हवं होतं. पण जरी-तरी, ज्या-त्या पेलणारं वाक्य ती पहिल्यांदाच लिहीत होती. चुका मोजल्या, ३ च्या ७ झालेल्या. त्यातल्या ५ अशाच लांब वाक्यांत. ही घसरण मला तरी वाढच वाटते, फक्त आपल्या तक्त्यात तिला रकाना नाही.

अर्थात एका गुणाच्या फरकावर मी फार विसंबत नाही. तोच निबंध आठवड्यानं पुन्हा तपासला तर माझाच एखादा गुण इकडेतिकडे होतो, करून पाहिलंय. म्हणून मुद्द्यातला वाढलेला १ मी सोडून दिला. आधारातले २ धरले, कारण पहिल्या निबंधात एकही उदाहरण नव्हतं आणि शेवटच्यात दोन आहेत, बोट ठेवून दाखवता येतात. दोन्ही निबंध वर्गातच, ४० मिनिटांत, मत मांडायचेच होते, म्हणून ही तुलना तरी शक्य झाली. एक घरून लिहून आणलेला असता तर तपासण्यात अर्थच नव्हता.

प्रगतीपुस्तकात मात्र बेरजेचाच रकाना आहे. तिथे ९ आणि ११ लिहिले, आणि शेजारच्या समासात पेन्सिलीनं दोन्ही निबंधांतली तिची ती वाक्यं उतरवली.