दोन टनाच्या विंचला 5 एचपीची मोटर का बसवली

ग्राहकाचा अभिप्राय (2 स्टार): "दोन टनाच्या विंचला 3 एचपी पुरते, हे मी स्वतः गणित करून दाखवलं होतं. तरी यांनी 5 एचपीची मोटर आणि महागडा हेलिकल गिअरबॉक्स गळ्यात मारला. पूर्ण लोडवर क्लॅम्प मीटर 5.7 अँपिअर दाखवतो, नेमप्लेटवर 7.3 आहे. म्हणजे मोटर मोठीच दिली ना? शेजारच्या वर्कशॉपमध्ये 3 एचपीवरच दोन टन उचलतात."

नमस्कार साहेब,

मीटर लावून रीडिंग घेतलंत आणि आकडा इथे लिहिलात, हे फार बरं झालं. त्या 5.7 अँपिअरमधूनच सगळं कळतं. पण आधी तुमच्या गणिताकडे येतो.

2000 किलो, मिनिटाला 6 मीटर, म्हणजे सेकंदाला 10 सेंटिमीटर. 2000 गुणिले 9.81 गुणिले 0.1 म्हणजे 1.96 किलोवॅट. 3 एचपी म्हणजे 2.2 किलोवॅट, म्हणून ती पुरेल असं तुम्ही म्हणालात. गुणाकारात चूक नाही. पण ही ताकद हुकावर लागते, मोटरच्या शाफ्टवर नाही. शिवाय हुकाला नुसता ट्रान्सफॉर्मरचा कोअर लटकत नाही. हुक ब्लॉक, आडवा बीम आणि स्लिंग मिळून 120 किलो त्याच्याबरोबर वर जातात. 2120 किलो धरले की हुकावरचीच गरज 2.08 किलोवॅट होते.

आता मोटरपासून हुकापर्यंत ही ताकद कशी पोचते ते पाहू. तुमची विंच जमिनीवर आहे. तार ड्रमवरून निघते, खालच्या दिशा-पुलीवरून वर जाते, गॅन्ट्रीवरच्या दुसऱ्या दिशा-पुलीवरून वळते आणि मग चार पदरी ब्लॉकमध्ये येते. या सगळ्या पुल्या तुमच्या जुन्या हातविंचच्या, ब्राँझ बुशच्या. त्या बदलायच्या नाहीत असं तुमच्याकडून ठरलं होतं, आणि त्या अजून चांगल्या असल्याने मीही आग्रह धरला नाही. मात्र बुशची पुली प्रत्येक वळणाला ताण सुमारे 5 टक्के खाते. बुशचं घर्षण आणि तार वाकायला लागणारा जोर, दोन्ही त्यात आले.

ब्लॉकमध्ये याचा परिणाम असा होतो. ओढणाऱ्या पदरात 100 किलो ताण असेल, तर एक पुली ओलांडल्यावर पुढच्या पदरात 95 उरतो, मग 90, मग 86. चार पदर मिळून उचलतात 371 किलो, 400 नाही. म्हणजे ब्लॉकची कार्यक्षमता पावणेत्र्याण्णव टक्के. दोन दिशा-पुल्यांचे 95 टक्के दोनदा गुणले की एकूण 84 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून ड्रमजवळ तारेवर 2120 भागिले 4, म्हणजे 530 किलो ताण येत नाही, तो 630 किलोच्या वर जातो. मोटर बाजूला ठेवली तरी तार आणि ड्रमचा शाफ्ट याच आकड्यावर निवडावे लागतात. 530 धरून तार घेतली तर सेफ्टी फॅक्टर नकळत कमी होतो.

पुल्यांनंतर ड्रमचे 96 टक्के, मग गिअरबॉक्स. हुक मिनिटाला 6 मीटर चालायचा तर चार पदरांमुळे तार 24 मीटर ओढावी लागते. आपला ड्रम 250 मिलिमीटरचा, म्हणून तो मिनिटाला साधारण 30 फेरे घेतो. मोटर 1440 ची. रेशो 47 च्या घरात जातो. एवढ्या रेशोला वर्म गिअरबॉक्स 65 ते 70 टक्केच ताकद पुढे देतो, बाकीची उष्णता होऊन तेलात जाते. हेलिकल 95 टक्क्यांपर्यंत देतो.

हेलिकल धरून 0.84 गुणिले 0.96 गुणिले 0.95 केलं की एकूण कार्यक्षमता 76 टक्के. 2.08 ला 0.76 ने भागलं की शाफ्टवर 2.73 किलोवॅट लागतात. वर्म बसवला असता तर हाच आकडा 3.8 किलोवॅट झाला असता, म्हणजे 5 एचपीच्या 3.7 च्याही वर, आणि तुम्हाला 7.5 एचपीची मोटर, मोठा स्टार्टर आणि जाड केबल घ्यावी लागली असती. महाग वाटलेल्या गिअरबॉक्समुळेच मोटर 5 एचपीवर थांबली.

आता तुमचा मीटर. 415 व्होल्ट, 5.7 अँपिअर आणि या लोडला 0.76 च्या आसपास पॉवर फॅक्टर धरला, तर मोटर लाइनमधून साधारण 3.1 किलोवॅट घेते. त्यातले 87 टक्के शाफ्टवर मिळतात, म्हणजे 2.7 किलोवॅट. कागदावरचा आकडा तुमच्या मीटरने खरा करून दाखवला. फक्त अँपिअरवरून थेट लोडची टक्केवारी काढू नका. रिकामा हुक वर नेऊन मीटर पाहिलात तर तरीही साडेतीन अँपिअरच्या आसपास दिसेल, कारण चुंबकीय क्षेत्र तयार करायला लागणारा करंट लोडवर अवलंबून नसतो.

हाच लोड 2.2 किलोवॅटच्या मोटरवर टाकला तर ती नेमप्लेटच्या 124 टक्क्यांवर चालेल. ती लोड उचलणार नाही असं मी म्हणत नाही. उचलेल, आणि धोका त्यातच आहे. इंडक्शन मोटर थोडा वेळ दुपटीच्या आसपास जोर देते, त्यामुळे ट्रायलला सगळं सुरळीत दिसतं. पण कोअर टाकीतून काढताना तुम्ही बटण दाबता-सोडता, अर्धा इंच वर, पुन्हा थांब, आणि दर वेळी सुरुवातीला सहापट करंट जातो. त्यात संध्याकाळी व्होल्टेज 360 वर आलं की मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे पाऊण उरतो. मग ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, कोणीतरी त्याचं सेटिंग वाढवतं, आणि वाइंडिंगचं वार्निश काळं पडलेलं दिसतं ते रिवाइंडिंगवाल्याच्या टेबलावर.

शेजारच्या विंचबद्दल एक करून पाहा. हुकाला दोन मीटर वर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. तुमच्याकडे 20 लागतील. तिथे 30 लागले तर त्यांचा वेग मिनिटाला 4 मीटर आहे, आणि मग 3 एचपी रास्त आहे. होइस्ट वरच बसवलेला असेल तर दिशा-पुल्याही नसतात.

तुम्हालाही 3 एचपीच हवी असेल तर रस्ता आहे. वेग मिनिटाला साडेचार मीटर करू. गिअरबॉक्सचा रेशो बदलला की शाफ्टवरची गरज 2.05 किलोवॅट होते आणि 2.2 ची मोटर बसते, जरी हातात फारसं राखीव उरत नाही. नुसत्या पुल्या बॉल बेअरिंगच्या केल्या आणि वेग 6 च ठेवला, तर गरज 2.45 पर्यंतच उतरते. तिथे 3 एचपी पुरत नाही, 4 लागते. वेग कमी करायचा असल्यास सध्याची मोटर परत घेऊन फरकाचे पैसे देईन. गिअर बदलायचा खर्च आधी लेखी कळवतो, मग ठरवा.

तोवर ओव्हरलोड रिले 7.3 वर आहे, तो तसाच राहू द्या. पुल्यांच्या निपलमधून दर महिन्याला ग्रीस भरा. पूर्ण लोडवरचा करंट 5.7 वरून वाढत 6.5 कडे जाऊ लागला आणि व्होल्टेज नेहमीचंच असेल, तर आधी खालची दिशा-पुली पाहा. धूळ तिथेच जास्त बसते आणि बुश तिथूनच सुकायला लागतो.