गोल्डस्मिथचं गाव गोड, म्हणून निषेध नाही?

"इंग्रजी कवी गोल्डस्मिथची 'द डेझर्टेड व्हिलेज' म्हणजे नुसती गोड ग्रामकविता, निषेध क्रॅब या कवीच्या 'द व्हिलेज'मध्येच."

अर्धंच खरं. गोल्डस्मिथच्या कवितेत (1770) झाडाखालचे खेळ, सज्जन पाद्री हा सगळा ग्रामकवितेचा ठरलेला संकेतच आहे. पण तो गाव उजाड झालेला आहे, आणि कारणही दिलंय: अनेक गरिबांचं पोट भरणारी जमीन एका धनिकाने तळं, बाग, घोडे नि शिकारी कुत्र्यांसाठी बळकावली. संकेतातला गोडवा इथे नुकसानीचं माप होतो.

क्रॅब (1783) त्या संकेतावरच तुटून पडतो. त्याच्या कवितेत गावातल्या निराधारांना ठेवायच्या घराच्या मातीच्या भिंतींना मोडकं दारही जेमतेम पेलतं. आत दिवसभर चरखा रडवेला घुमतो.

म्हणून नुसता सूर बघू नका. दुःखाचं कारण कवी कुठे दाखवतो, ते शोधा.