‘दहाच सांगा साहेब’ या तक्रारीला सर्व्हिस सेंटरच्या मालकाचं उत्तर

★★ ग्राहकाचा अभिप्राय: “ब्रेकचा आवाज गेलाच नाही. उलट अ‍ॅडव्हायझर चावी हातात धरून म्हणाला, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच सांगा, नऊ सांगितलेत तरी माझा इन्सेंटिव्ह जातो. मग समोर उभं राहून माझ्याच मोबाइलवरून पाच स्टार टाकायला लावले. घरी येऊन ते दोन केले. हा भीक मागायचा धंदा त्याला शिकवला कोणी? आधी त्या माणसाला काढा. तुमचे बाकीचे पाच स्टारही असलेच असणार.”

मालकाचं उत्तर:

नमस्कार. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. आपले दोन स्टार तसेच राहू द्या. ते बदला म्हणून आमच्याकडून कोणाचाही फोन येणार नाही, आला तर मला कळवा.

त्या मुलाला मात्र मी काढणार नाही. शिकवलं कोणी, या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्या पगाराच्या स्लिपवर आहे.

गाडी दिल्यानंतर काही दिवसांनी कंपनीच्या कॉल सेंटरवरून आपल्याला फोन येतो आणि दहापैकी गुण विचारतात. आपल्याला वाटतं, या गुणांची सरासरी काढत असतील. तसं नसतं. दहा सांगितले तर तो ग्राहक ‘समाधानी’ धरला जातो. नऊ, सात, शून्य हे सगळं एकाच टोपलीत. शंभरातले नव्वद ग्राहक दहा म्हणाले तर आम्हाला कंपनीकडून तिमाहीचा पूर्ण इन्सेंटिव्ह मिळतो, आणि हाच हिशेब खाली अ‍ॅडव्हायझरलाही लागू होता. मूळ पगार १८,००० रुपये. नव्वद टक्क्यांच्या वर ६,००० रुपये बोनस, ऐंशी ते नव्वदमध्ये ३,०००, त्याखाली काही नाही.

आता यातली मेख बघा. अ‍ॅडव्हायझर महिन्याला दीड-दोनशे गाड्या हाताळतो, पण कंपनी फोन करते थोड्यांनाच, आणि त्यातले बरेच जण उचलत नाहीत. समजा आठ जणांनी उत्तर दिलं. सात जण दहा म्हणाले आणि एक जण नऊ, तर झाले साडेसत्त्याऐंशी टक्के. ३,००० रुपये गेले. दुसऱ्या कोणी नऊ सांगितले की पंच्याहत्तर टक्के, म्हणजे उरलेले ३,०००ही गेले. तो आपल्याला जे म्हणाला ते नाटक नव्हतं. आणि आपल्याकडे ऐंशी टक्के म्हणजे डिस्टिंक्शन! कित्येक ग्राहक मनापासून खूश होऊन ‘आठ द्या’ म्हणतात आणि त्या पोराच्या घराचं अर्धं भाडं कापलं जातं. त्यांना ते माहीतही नसतं.

असा हिशेब असला की माणूस काम सुधारायला जात नाही, फोन सुधारायला जातो. ब्रेकचा आवाज शोधायचा तर चाक काढून पॅड आणि डिस्क बघावी लागते, फोरमनला घेऊन रोड टेस्ट करावी लागते. तासभर सहज जातो, आणि तेवढ्यात चार गाड्या रांगेत उभ्या राहतात. विनंती करायला अर्धं मिनिट पुरतं. शिवाय महिन्याच्या दहा तारखेलाच दोन नऊ पडले, तर उरलेले वीस दिवस गुणांसाठी धडपडण्यात अर्थ उरत नाही. तेव्हा आलेल्या ग्राहकाच्या वाट्याला काय येत असेल, ते आपणच ताडा.

विनवणी निदान समोर दिसते. न दिसणारं जास्त वाईट. ग्राहक चिडून गेला आहे असं दिसलं की जॉब कार्डवर त्याच्या नंबरऐवजी दुसराच नंबर टाकायचा, म्हणजे कॉल सेंटरचा फोन भावाला किंवा मित्राला लागतो आणि तिथून दहा येतात. या धंद्यात ही जुनी युक्ती आहे. पकडायची असेल तर एकच मोबाइल नंबर वेगवेगळ्या गाड्यांच्या जॉब कार्डवर येतो का ते बघायचं. त्याहून भरवशाची खूण म्हणजे तीच तक्रार घेऊन तीस दिवसांत परत येणाऱ्या गाड्या. गुण चढत गेले आणि परत येणाऱ्या गाड्या मात्र तेवढ्याच राहिल्या, तर सुधारणा फक्त फोनवरची समजायची.

आमचे बाकीचे स्टार खोटे असल्याचं आपण म्हणता, ते मला मान्य नाही. माणसं खरी आहेत, गाड्याही खऱ्या. पण गेट पास मिळाल्यावर पाच मिनिटांत टाकलेला, फक्त ‘सर्व्हिस छान’ आणि अ‍ॅडव्हायझरचं नाव असलेला अभिप्राय भिडेखातर लिहिलेला असू शकतो, हे मी नाकारत नाही. वाचणाऱ्यांनी मधले तीन-चार स्टारवाले अभिप्राय आधी वाचावेत. भिडेखातर कोणी तीन देत नाही.

‘आमची शिफारस कराल का’ असं विचारून शून्य ते दहा गुण घेण्याची पद्धत अमेरिकेतले व्यवसाय सल्लागार फ्रेड रायकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडली. त्यांच्या मापात नऊ आणि दहा दोन्ही चांगले. फक्त दहा धरण्याचा कडकपणा पुढच्यांचा. गुण थेट बोनसला बांधले की कर्मचारी ग्राहकांकडे गुणांची याचना करू लागतात, अशी तक्रार खुद्द त्यांनीही पुढे केली. गुगलचा नियमही स्पष्ट आहे: अभिप्रायासाठी पैसे, सवलत, भेटवस्तू द्यायची नाही, आणि खूश दिसणाऱ्यांनाच निवडून अभिप्राय मागायचा नाही.

या महिन्यापासून आमच्याकडे अ‍ॅडव्हायझरच्या बोनसमधून ग्राहकांचे गुण काढले आहेत. ३,००० रुपये पगारात मिळवले. उरलेले ३,००० तीन गोष्टींवर: गाडी सांगितलेल्या वेळेला दिली का, बिल अंदाजापेक्षा न विचारता वाढलं का, आणि तीच तक्रार तीस दिवसांत परत आली का. हा शेवटचा भाग अ‍ॅडव्हायझर आणि मेकॅनिक यांचा मिळून आहे, कारण ब्रेक दुरुस्त करतो मेकॅनिक आणि बोलणी खातो अ‍ॅडव्हायझर. यातही पळवाटा आहेतच. अंदाज मुद्दाम फुगवून सांगता येतो, वेळ संध्याकाळची असताना उद्याची सांगता येते, परत आलेली तक्रार नवी म्हणून लिहिता येते. म्हणून परत आलेल्या प्रत्येक गाडीचं जुनं जॉब कार्ड फोरमन स्वतः काढून बघतो.

कंपनीचं माप बदलणं माझ्या हातात नाही. आमचे दहा कमी झाले तर तिमाहीच्या इन्सेंटिव्हला कात्री लागेल, आणि ती मी सोसणार आहे. फोनवर आपल्याला वाटेल तोच आकडा सांगा, पाच तर पाच. आणि गाडी सोडताना जॉब कार्डवरचा मोबाइल नंबर आपलाच आहे ना, एवढं वाचून मगच सही करा.

आता ब्रेक. आपल्या जॉब कार्डवर पॅड साफ केल्याची नोंद आहे, डिस्क मोजल्याची नाही. डिस्क झिजून तिच्या कडेला उंचवटा आला असेल किंवा ती एकसारखी झिजली नसेल, तर पॅड कितीही साफ केले तरी आवाज राहतो. सकाळी नऊ ते दहा या वेळात या, तेव्हा लिफ्ट मोकळी असते. फोरमन आपल्याला शेजारी बसवून गाडी चालवेल, मग चाक काढून डिस्कची जाडी आपल्यासमोर मोजेल. तपासणीचे पैसे नाहीत. डिस्क बदलायची वेळ आलीच तर किंमत आधी लेखी मिळेल, आणि काम आमच्याकडेच करा असा आग्रह नाही.