चौथी चिठ्ठी उघडायची गरजच नसते

«पेशंट कमी असतील तर डोळे झाकून चारच्या ब्लॉकने रँडमायझेशन करा. दोन्ही गट अगदी सारखे होतात. वर सीलबंद पाकिटं वापरली की बायसला जागाच उरत नाही. ब्लॉक साइज सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा, कमिटी प्रश्न विचारत नाही.»

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला. त्यामुळे सिनॉप्सिसचे दिवस जवळ आले की नाशिकच्या पीजीच्या मुलामुलींच्या फोनवर असले तयार सल्ले फिरायला लागतात. हा सल्ला यंदा माझ्याकडे आलेल्या तिघांनी जसाच्या तसा उतरवला होता. तिघांच्याही ट्रायलमध्ये पेशंटला कोणता उपचार चालू आहे, हे सगळ्यांना उघड दिसणार होतं. घोळ नेमका तिथे आहे.

उदाहरण घेऊनच बोलू. द्राक्षबागेत काम करणाऱ्यांचा खांदा दुखतो, कारण ऑक्टोबरच्या छाटणीत दिवसदिवस हात वर धरून मांडवाखाली काम चालतं. अशा ४० जणांची फिजिओथेरपीची ट्रायल आहे असं धरा. अ गटाला नवा व्यायाम, ब गटाला नेहमीचा शेक आणि गोळ्या. चारच्या ब्लॉकमध्ये दोन अ आणि दोन ब चिठ्ठ्या असतात आणि त्या सहा प्रकारे लागू शकतात: अअबब, अबअब, अबबअ, बबअअ, बअबअ, बअअब. दर वेळी यातला एक क्रम सोडतीने निवडायचा, असे दहा ब्लॉक झाले की २०-२० पूर्ण. वाटेत कुठेही थांबलात तरी दोन्ही गटांत दोनपेक्षा जास्त फरक पडत नाही. इथे याचा एक खरा फायदा आहे, तो नाकारायचं कारण नाही. ऑगस्टमध्ये येणारा पेशंट आणि छाटणी संपल्यावर येणारा पेशंट वेगळा असतो. ब्लॉकमुळे दोन्ही हंगामांतले पेशंट दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात.

पण सारखे होतात ते आकडे, माणसं नव्हेत. या ४० पैकी १२ जणांना मधुमेह आहे असं समजा. आखडलेल्या खांद्याच्या बाबतीत ही काही किरकोळ गोष्ट नाही. गट बरोबर २०-२० चे असले, तरी हे बारा जण ८-४ किंवा त्याहूनही वाकडे वाटले जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के आहे. म्हणजे अशा दहा ट्रायलपैकी तिनात एका गटात दुप्पट मधुमेही. चारचा ब्लॉक घ्या नाही तर विसाचा, हा आकडा बदलत नाही, कारण ब्लॉकला मधुमेह दिसतच नाही. त्यासाठी मधुमेही आणि इतर अशा दोन वेगळ्या याद्या करून प्रत्येक यादीत स्वतंत्र ब्लॉक लावावे लागतात. मात्र हौसेने मधुमेह, लिंग आणि वय असे तीन निकष घेतलेत तर आठ कप्पे होतात, प्रत्येकात सरासरी पाच माणसं येतात, जवळजवळ सगळे ब्लॉक अर्धवट राहतात आणि ज्या समतोलासाठी हा खटाटोप केला तोच हातचा जातो. चाळीस जणांत एकच निकष पुरे.

आता आकड्यांचा समतोल तरी किती मोलाचा, ते पाहू. नुसतं नाणं उडवून ४० जणांची वाटणी केली तर बरोबर २०-२० आठातून एकदाच येईल आणि २४-१६ किंवा त्याहून वाकडी वाटणी साधारण चारातून एकदा. ऐकायला वाईट वाटतं. पण २४-१६ मध्ये नुकसान किती? तुलनेची ताकद सारख्या वाटलेल्या ३८ जणांच्या ट्रायलइतकी राहते. म्हणजे दोनेक पेशंट वाया गेले. ट्रायलमधून गळणारे यापेक्षा जास्त असतात! ब्लॉक वापरू नका असं मी म्हणत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की उघड ट्रायलमध्ये चारचा ब्लॉक दोन पेशंटांचं नुकसान वाचवतो आणि त्याची किंमत दुसरीकडे वसूल करतो.

ती किंमत ओपीडीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला सगळ्यांत आधी कळते. समजा पहिले बारा पेशंट असे लागले: बअबअ, अअबब, बअअब. पेशंट घेणारी रेसिडेंट आणि पाकीट उघडणारी रेसिडेंट एकच आहे, आणि सिनॉप्सिस तिनेच लिहिलाय, त्यामुळे ब्लॉक चारचा हे तिला पाठ आहे. पहिल्या तीन चिठ्ठ्या ब, अ, ब निघाल्या, तेव्हा चौथी अ असणार हे पाकीट न फोडता कळलं. पाचवी आणि सहावी दोन्ही अ निघाल्या, तेव्हा सातवी आणि आठवी दोन्ही ब. बारावीही तशीच आधी कळलेली. बारापैकी चार वाटण्या तिला शंभर टक्के माहीत होत्या, आणि हा योगायोग नाही. सहाही क्रम मांडून मोजलंत तर सरासरी एक तृतीयांशच येते. बाकीच्या वेळी «मागे पडलेल्या गटाची चिठ्ठी येईल» असा साधा अंदाज बांधला तरी एकूण अंदाजांपैकी सुमारे ७१ टक्के बरोबर येतात. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते.

आता सातव्या क्रमांकाला पेठच्या एसटीने आलेल्या एक मावशी समोर बसल्यात. हात खांद्याच्या वर जात नाही, रात्री झोप नाही. रेसिडेंटला मनापासून वाटतं की यांना व्यायाम मिळायला हवा, आणि पुढच्या दोन चिठ्ठ्या ब आहेत हे तिला माहीत आहे. ती म्हणते, «मावशी, आज गर्दी आहे, पुढच्या सोमवारी याल का?» मधल्या दिवसांत कमी दुखणारे दोन जण ब मध्ये बसतात आणि सोमवारी मावशींसाठी नवा ब्लॉक उघडतो. कुणीही खोटं बोललेलं नाही, एकही आकडा बदललेला नाही. तरी जास्त दुखणारी माणसं अ कडे आणि कमी दुखणारी ब कडे सरकायला लागली. दुसरी एखादी रेसिडेंट उलटं करेल, लवकर बरे होतील असे पेशंट अ साठी राखून ठेवेल. दिशा कोणतीही असो, त्यानंतर गटांतला फरक व्यायामाचा की निवडीचा, हे सांगता येत नाही.

सीलबंद पाकिटाचा इथे काहीच इलाज चालत नाही, कारण पाकिटात डोकावायची गरजच पडलेली नाही. मागच्या चिठ्ठ्या माहीत असणं पुरेसं आहे. पाकिटं निरुपयोगी आहेत असं मात्र नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसीनच्या ट्रायलमध्ये ब्रॅडफर्ड हिल यांनी वाटणीचे तपशील सीलबंद पाकिटांतच ठेवले होते. तिथे गट ५५ आणि ५२ चे झाले आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २५० ट्रायल तपासल्या. ज्यांत पुढची वाटणी नीट लपवलेली नव्हती, त्यांत उपचाराचा परिणाम, ऑड्स रेशोच्या मापात, सरासरी ४१ टक्के फुगलेला दिसला. कुठे दोन पेशंटांचं नुकसान आणि कुठे हे! पाकीट वापरायचंच तर दिव्यासमोर धरून पाहा. स्टेशनरीच्या दुकानातल्या पांढऱ्या पाकिटातून अक्षर सरळ वाचता येतं. आत ॲल्युमिनियमची फॉइल घाला, बाहेर क्रमांक टाका, आणि पेशंटचं नाव व तारीख पाकिटावर लिहिल्याशिवाय ते फोडायचं नाही असा नियम ठेवा.

सिनॉप्सिसमध्ये ब्लॉकचा आकार लिहिण्याचा सल्ला तर सरळ उलटा आहे. आयसीएचच्या १९९८ च्या ई९ मार्गदर्शिकेत लिहिलंय की ब्लॉकच्या लांबीसारखे, पुढची वाटणी ओळखायला मदत करणारे तपशील प्रोटोकॉलमध्ये नकोत. ते वेगळ्या कागदावर, पेशंट घेणाऱ्यांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवायचे आणि ट्रायल संपल्यावर प्रबंधात सगळे द्यायचे. कमिटीने विचारलं तर तो कागद बंद पाकिटातून कमिटीच्या सचिवांकडे द्या. सीटीआरआयच्या नोंदणीतसुद्धा पद्धतीचं नाव निवडायचं असतं. तिथे `Permuted block randomization, variable` असा पर्याय आहे, तो याचसाठी.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, यादी पेशंट घेणाऱ्याने करायचीच नाही. दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी सांगा. आर असेल तर तीन ओळींचं काम आहे:

```r
set.seed(SEED)   # SEED = यादी करणाऱ्याने निवडलेला, गुप्त आकडा
b <- sample(c(4, 6), 10, replace = TRUE)
unlist(lapply(b, function(k) sample(rep(c("A", "B"), k / 2))))
```

यात चार आणि सहाचे ब्लॉक सरमिसळ येतात, त्यामुळे ब्लॉक कुठे संपला हे बाहेरून ठरवता येत नाही आणि खात्रीने ओळखणं जवळजवळ बंद होतं. यादी चाळिसापेक्षा लांब निघेल, पहिल्या ४० ओळी घ्यायच्या. शेवटचा ब्लॉक मध्येच तुटला तर २१-१९ वगैरे होईल, होऊ द्या. मागे पडलेल्या गटावर अंदाज बांधायची सोय मात्र याही पद्धतीत थोडी उरते. तीही आणखी कमी करायची असेल तर विसाचे दोन ब्लॉक घ्या. त्यात खात्रीने कळणाऱ्या वाटण्या ४० पैकी सरासरी चारहूनही कमी, चारच्या ब्लॉकमध्ये त्या तेरा असतात. बदल्यात हंगामाचा समतोल थोडा सैल होतो. खरा उपाय मात्र आकाराचा नाहीच. पेशंटची संमती आणि पहिलं मोजमाप पूर्ण झाल्यावर रेसिडेंटने यादी सांभाळणाऱ्याला फोन करायचा, त्याने आधी नाव लिहून घ्यायचं आणि मग गट सांगायचा.

चारचा ब्लॉक कुठे चालतो? दोन्ही औषधं दिसायला, चवीला आणि वासाला एकसारखी असतील आणि कुणाला काय मिळालं हे पेशंट घेणाऱ्याला कळतच नसेल, तिथे खुशाल वापरा. आपल्याकडे आयुर्वेदाच्या ट्रायलही बऱ्याच होतात, म्हणून सांगतो: चूर्ण कॅप्सूलमध्ये भरलं तरी डबी उघडल्यावर वास येतो.

ज्यांचे पेशंट घेऊन झाले आहेत, त्यांनी एक तपासणी करून पाहावी. बर्गर आणि एक्सनर यांनी १९९९ मध्ये सुचवलेली ही कल्पना आहे. प्रत्येक पेशंटपुढे, त्याची चिठ्ठी फोडण्याआधी अ येण्याची शक्यता किती होती ते लिहायचं. वरच्या पहिल्या ब्लॉकसाठी ती १/२, २/३, १/२, १ अशी येते, दुसऱ्यासाठी १/२, १/३, ०, ०. मग या स्तंभाचा आणि सुरुवातीच्या वेदनेच्या गुणांचा आलेख काढायचा. निवड स्वच्छ असेल तर बिंदू नुसते विखुरलेले दिसतील, कारण येणाऱ्या माणसाच्या दुखण्याला पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असायचं कारण नाही. शक्यतेबरोबर वेदना चढत गेलेली दिसली तर स्क्रीनिंगचं रजिस्टर काढा आणि ओपीडीत पहिल्यांदा आल्याची तारीख आणि ट्रायलमध्ये घेतल्याची तारीख शेजारी ठेवा. ज्यांना «पुढच्या सोमवारी या» सांगितलं होतं, ते तिथे सापडतील. चाळीस जणांत हा आलेख दुबळाच असतो, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. पण दिसलं तर ते प्रबंधाच्या मर्यादांमध्ये आकड्यांसकट लिहा. व्हायवाला परीक्षकाने रजिस्टर मागितलं तर त्यालाही तेच दिसणार आहे.