‘फायनल’ नावाच्या तीन फायली आणि तीस हजारांचा खड्डा

खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाचे हिशेब मी गेली नऊ वर्षे सांभाळतो आहे, आणि सुधारित अंदाजपत्रकाच्या बाबतीत आमच्याकडे जो बेजबाबदारपणा चालतो, त्याचा मला आता मनस्वी संताप आला आहे. या घडीला माझ्या संगणकावर `Budget_Final.xlsx`, `Budget_Final_New.xlsx` आणि `Budget_Final_New(1).xlsx` अशा तीन फायली आहेत. तिन्ही कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून आल्या आणि एकीवरही ती कोणत्या ठरावाने मंजूर झाली याचा उल्लेख नाही.

6 एप्रिलच्या बैठकीत 2025-26 चे 6,40,000 रुपयांचे अंदाजपत्रक मंजूर झाले. त्यात छपराच्या दुरुस्तीला 2,40,000 आणि रंगकामाला 90,000 होते. मंगलोरी कौले उतरवल्यावर वासे कुजलेले निघाले, म्हणून 27 एप्रिलला रंगकामातले 30,000 छपराकडे वळवण्याचा ठराव झाला. पुढे एका सभासदाने छपरासाठीच 50,000 ची देणगी दिली आणि 11 मे रोजी ती रक्कम छपराच्या खात्यात वाढवण्यात आली. म्हणजे छपराला 3,20,000, रंगकामाला 60,000 आणि एकूण 6,90,000 असे व्हायला हवे होते.

प्रत्यक्षात, ज्या गृहस्थांनी देणगीची दुरुस्ती केली, त्यांनी ती एप्रिलच्या मूळ फाईलवर केली. त्यामुळे छपराला 2,90,000 आणि रंगकामाला पूर्वीचेच 90,000 राहिले, आणि तरीही एकूण बेरीज 6,90,000 बरोबर आली! एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात रक्कम वळवली की एकूण आकडा हलतच नाही, त्यामुळे ती दुरुस्ती गळून पडली तरी बेरीज पाहणाऱ्याला काहीही कळत नाही. बैठकीत सर्वांनी शेवटची ओळ पाहिली आणि माना डोलावल्या. त्याच कागदाच्या आधारे रंगाऱ्याला 90,000 चे काम देऊन टाकले. गवंड्याचे 3,20,000 चे बिल आले तेव्हा कोषाध्यक्ष मला विचारतात, ‘‘अहो, छपराला एवढी रक्कम मंजूर कधी झाली?’’ पावसाळा तोंडावर, छप्पर अर्धे उघडे, आणि तीस हजार कुठून आणायचे यावर दोन तास वाद. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना माझा राग समजेल.

हे सारे टाळायला एक पान पुरले असते. मूळ मंजूर रकमेच्या रकान्याला कोणीही हात लावायचा नाही. प्रत्येक दुरुस्ती बदल नोंदीच्या तक्त्यात स्वतंत्र ओळीने लिहायची. उदाहरणार्थ: दुरुस्ती क्रमांक 1, ठरावाची तारीख 27 एप्रिल, रंगकाम 90,000 वरून 60,000, छप्पर 2,40,000 वरून 2,70,000, प्रकार वळवणूक, कारण कुजलेले वासे, शेजारी ठराव क्रमांक आणि नोंद करणाऱ्याची सही. देणगीची ओळ त्याखाली येईल, तिचा प्रकार पुरवणी असेल आणि ‘पूर्वीची रक्कम’ या रकान्यात 2,70,000 लिहावेच लागतील. ज्याच्या हातात जुनी फाईल आहे, त्याला तिथे 2,40,000 दिसतील आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाईल. मूळ रकमेत सर्व दुरुस्त्या मिळवून सुधारित रक्कम येते का, हे शीर्षागणिक तपासायचे, निव्वळ एकूण बेरजेवर नाही.

‘‘फाईलवर तारीख असतेच की,’’ असे मला ऐकवले जाते. ती तारीख फाईल शेवटची कधी जतन केली याची असते, मंजुरीची नव्हे. जुनी फाईल आज उघडून पुन्हा जतन केली तर तीच सर्वांत नवी दिसू लागते. म्हणून ठरावाची तारीख नावातच हवी आणि वर्ष आधी हवे, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात: `2025-05-11_Durusti-2_Manjur.xlsx`. ठराव होईपर्यंत प्रत्येक पानावर ‘मसुदा’ हा शब्द ठळक असलाच पाहिजे.

आपल्या सीमाभागात यात आणखी एक भर पडते. इतिवृत्त मराठीत असते आणि कार्यालयात देण्याची प्रत कानडीत करून घ्यावी लागते. आमची कानडी प्रत ज्या अंदाजपत्रकावरून केली, ते दुरुस्ती क्रमांक 1 चे होते की 2 चे, हे भाषांतर करणाऱ्यालाही सांगता येईना, कारण त्याला दिलेल्या कागदावर क्रमांकच नव्हता. दोन्ही प्रतींच्या माथ्यावर एकच दुरुस्ती क्रमांक आणि एकच तारीख लिहायला किती वेळ लागतो?

मी कार्यवाहांना लेखी कळवले आहे की दुरुस्ती क्रमांक, ठरावाची तारीख आणि बदल नोंद नसलेल्या कोणत्याही अंदाजपत्रकावरून यापुढे मी एकही धनादेश तयार करणार नाही. रंगाऱ्याचे बिल अजून माझ्या टेबलावर आहे.